भिजलेल्या काजूचा दावा ॲडजस्टमेंटपर्यंत अडवू नका : विमा कंपनीच्या सागरी दावे विभागाला खुले पत्र

प्रति,
प्रमुख, सागरी दावे विभाग

विषय : आबिजान ते न्हावा शेवा प्रवासात जहाजावरील आग विझवताना बळी दिलेल्या मालाबद्दल जनरल ॲव्हरेजची सूचना व दाव्याची मागणी.

महोदय,

रीतसर सूचना, बिल ऑफ लेडिंग, इन्व्हॉइस आणि सर्व्हे रिपोर्ट असे सगळे कागद तुमच्या फाइलला आधीच लागले आहेत. तरीही हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण त्याच जहाजावर चंदगड, आजरा, सावंतवाडी भागातल्या इतर कारखानदारांचाही कच्चा काजू होता आणि त्या सर्वांना आपापल्या विमा कंपन्यांकडून जवळपास एकाच साच्यातले उत्तर आले आहे. ‘तुमचा माल जनरल ॲव्हरेजमध्ये बळी गेला आहे. त्याची भरपाई ॲडजस्टमेंट पूर्ण झाल्यावर सर्वांच्या वर्गणीतून मिळेल. तोपर्यंत आपला दावा प्रलंबित ठेवत आहोत.’ जनरल ॲव्हरेज म्हणजे सर्वांना वाचवण्यासाठी दिलेला बळी सर्वांनी मिळून भरून देणे, आणि ॲडजस्टमेंट म्हणजे त्या वाटणीचा हिशेब. हे उत्तर वाचायला सयुक्तिक वाटते आणि म्हणूनच लोक गप्प बसतात. पण ते कायद्याला धरून नाही, आणि तुमच्या स्वतःच्या हिताचेही नाही. तुमचे आणि जहाजाचे नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्यासाठी हे लिहिले आहे त्यांना पॉलिसी नंबर पाठ आहे.

आधी घडले काय ते सांगतो. आमचे चाळीस फुटी चार कंटेनर होते. प्रत्येकात पंचवीस टन कच्चा काजू, तागाच्या पोत्यांत. खरेदी सी अँड एफ अटीवर, म्हणजे भाडे विकणाऱ्याचे आणि समुद्रावरची जोखीम आमची. म्हणून विमा आमच्या ओपन कव्हरमधून, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’ वर, सीआयएफ अधिक दहा टक्के. अरबी समुद्रात असताना जहाजाच्या एका होल्डमधून, म्हणजे पोटातल्या मालखान्यातून, धूर येऊ लागला. खलाशांनी आधी होल्ड बंद करून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला. आग दबली नाही, शेजारच्या होल्डच्या भिंती तापू लागल्या. तेव्हा कप्तानाने होल्डमध्ये समुद्राचे पाणी भरण्याचा हुकूम दिला. पाणी तिसऱ्या थराच्या कंटेनरपर्यंत चढवले गेले. मदतीला आलेल्या टगने जहाज सलालाहला नेले. तिथे पाणी उपसले गेले आणि होल्ड तपासल्यावर माल पुढे न्हावा शेव्याला आला. जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले, ॲव्हरेज ॲडजस्टर नेमला आणि आमच्याकडे वर्गणी भरण्याचा बाँड, विमा कंपनीची गॅरंटी व मालाच्या किमतीचा तक्ता मागितला.

कप्तानाचा तो हुकूम या सगळ्या प्रकरणाचे मूळ आहे. तळाच्या थरातल्या कंटेनरांना आगीची झळ लागलेलीच नव्हती. ते भिजवले गेले ते जहाज, वरचा माल आणि माणसे वाचावीत म्हणून, जाणूनबुजून. ही वाटणी ठरवणाऱ्या यॉर्क-अँटवर्प नियमांतला ‘ए’ नियम नेमके हेच विचारतो: त्याग असाधारण होता का, तो हेतुपुरस्सर आणि वाजवी होता का, आणि सर्वांच्या सुरक्षिततेसाठी केला गेला का? लॉगबुकातली पाणी भरण्याची नोंद या तिन्हींचे उत्तर देते. अशा त्यागाचा बोजा ज्याचा माल बुडाला त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. जहाज आणि त्यावरचा सगळा वाचलेला माल आपापल्या किमतीच्या प्रमाणात तो वाटून घेतात. एवढे तुम्हाला आणि मला दोघांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो पुढे.

आमच्या चार कंटेनरांपैकी दोन दुसऱ्या होल्डमध्ये होते, ते सुखरूप आले. उरलेले दोन आगीच्या होल्डमध्ये, एकाच रांगेत पण वेगवेगळ्या उंचीवर होते. पहिल्याची जागा जहाजाच्या बे प्लॅनवर, म्हणजे कंटेनर कुठे रचले त्याच्या नकाशावर, २६०३०२ अशी आहे. शेवटचे दोन आकडे ०२ म्हणजे होल्डचा तळ. दुसरा २६०३१०, म्हणजे त्याच रांगेत पाचव्या थरावर, पाणी जिथपर्यंत चढवले त्याच्याही वर. पहिला नखशिखांत भिजला. दुसऱ्याला पाणी लागले नाही, पण बाहेरचा रंग फोड येऊन सोललेला होता आणि दार उघडताच धुराचा वास अंगावर आला. एकच आग, एकच रांग, पण नुकसानीच्या जाती दोन. जनरल ॲव्हरेजच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आग विझवण्यासाठी वापरलेल्या पाण्याने झालेले नुकसान तिसऱ्या नियमाखाली वाटणीत येते. धुराने किंवा आगीच्या उष्णतेने झालेले नुकसान त्याच नियमाने स्पष्ट वगळलेले आहे. म्हणजे तळाचा कंटेनर सर्वांनी मिळून भरून द्यायचा आणि वरचा ज्याचा त्याने सोसायचा. आमच्या बाबतीत ‘ज्याचा त्याने’ म्हणजे तुम्ही, कारण ‘ए’ क्लॉजमध्ये आगीचे नुकसान सरळ धरलेले आहे.

आता तुमच्या सर्व्हेअरच्या रिपोर्टकडे येतो. दोन्ही कंटेनरांपुढे त्यांनी एकच वाक्य लिहिले आहे : ‘आग व पाणी यांमुळे नुकसान.’ घाईत लिहिलेले असावे. तुमच्या डोळ्यांनी पाहिले तर त्यात वावगे काहीच नाही, कारण पॉलिसीत आगही आहे आणि पाणीही आहे, मग वेगळे करायचे कशाला? पण हाच रिपोर्ट उद्या ॲडजस्टरच्या टेबलावर जाणार आहे, आणि त्याला आग किती आणि पाणी किती हे वेगळे करून हवे असते. ते कागदावर नसेल तर तो स्वतः अंदाज करतो, आणि तो अंदाज माल गमावलेल्याच्या बाजूने झुकेल याची हमी कोणी देत नाही.

वेगळे करणे अवघड नव्हते. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डात, कंटेनर उघडला तेव्हा मी तिथे होतो. तळाच्या कंटेनरच्या आतल्या पत्र्यावर, छताच्या अगदी खाली, काजळी आणि गाळाची एक आडवी रेघ होती. पाणी उतरताना ती मागे राहिली. पत्र्याचा रंग शाबूत होता. पोत्याला हात लावला तर ताग चिकट लागत होता, आत बुरशीने गोळे झाले होते. आमच्या सर्व्हेअरने पोत्याचा एक तुकडा कापून त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. थेंब पडताच दुधासारखे पांढरे झाले, म्हणजे ताग खारट पाण्यात भिजलेला होता. पाऊस, गोडे पाणी किंवा कंटेनरच्या छतावरून ठिबकणारा घाम असता तर तसा पांढरा दाट रंग आला नसता. ही चाचणी काजूच्या बाबतीत फार मोलाची आहे, कारण कच्च्या काजूच्या दाव्यात तुमचा पहिला प्रश्न नेहमी घामाचाच असतो : माल भरतानाच ओलसर होता का, त्याच्या स्वतःच्या ओलाव्याने तो खराब झाला का? तसे असेल तर तो मालाचा अंगचा दोष ठरतो आणि पॉलिसीतून बाहेर जातो. प्रश्न रास्त आहे. आफ्रिकेचा काजू जास्त ओलाव्यासह भरला गेला तर तो वाटेत घामेजतो हे आमच्या धंद्यात पोरालाही माहीत आहे. पण उत्तर त्या पोत्याच्या तुकड्यावर आहे, आणि शिवाय शेजारच्या होल्डमधले आमचे दोन कंटेनर तेच भरण, तेच पोते, तोच गोदामाचा माल असून कोरडे आले आहेत. त्यांची कटिंग टेस्ट, म्हणजे बिया कापून काढलेला चांगल्या गराचा उतारा, ४७ पौंडाची आली, खरेदीच्या वेळी होती तेवढीच. वरच्या, धुराच्या कंटेनरची ३६ पौंडांवर घसरली, आणि त्यातलाही बराच गर भाजल्यासारखा तपकिरी होता. इतके सरळ पुरावे हाताशी असताना ‘आग व पाणी’ असे एकत्र लिहून मोकळे होणे मला परवडते, कारण माझा दावा दोन्हीकडून तुमच्यावरच येतो. तुम्हाला ते परवडत नाही. का, ते पुढे आकड्यांत दाखवतो.

त्याआधी कायद्याचा मुद्दा. सागरी विमा अधिनियम, १९६३ चे कलम ६६, पोटकलम (४) दोन गोष्टींत फरक करते. जनरल ॲव्हरेजसाठी विमेदाराने खर्च केला असेल तर त्याच्या वाट्याला येणारा भागच तो विमा कंपनीकडून मागू शकतो. पण त्याच्या मालाचा त्याग झाला असेल, तर इतरांकडून वर्गणी वसूल करण्याचा आपला हक्क न बजावताही तो संपूर्ण नुकसान विमा कंपनीकडून मागू शकतो. पॉलिसीत याविरुद्ध स्पष्ट अट असेल तर गोष्ट वेगळी. आमच्या पॉलिसीत तशी अट नाही, मी ती शोधून पाहिली आहे आणि तुमच्याही पत्रात तिचा उल्लेख नाही. म्हणजे ‘आधी वर्गणीच्या फंडातून येऊ द्या’ हे म्हणायला तुम्हाला जागाच नाही. इतरांकडून वसूल करण्याचा हक्क पैसे दिल्यानंतर तुमच्याकडे येतो आणि तो तुम्ही बजावायचा. वसुलीसाठी थांबायचे असेल तर ते तुम्ही, पैसे देऊन झाल्यावर.

कायद्याने असे का ठेवले असेल, हे ॲडजस्टमेंट कशी होते ते पाहिले की कळते. मोठ्या कंटेनर जहाजावर हजारो मालकांचा माल असतो. प्रत्येकाच्या मालाची किंमत जमवायची, नुकसान तपासायचे, आश्रयाच्या बंदरातला प्रत्येक खर्च पारखायचा, जहाजाची किंमत ठरवायची, आणि मग सगळे बेरजेत बसवायचे. यात वर्षे जातात. माझ्यासारख्या कारखान्याचे वर्ष एका हंगामाच्या कच्च्या मालावर चालते. पंचवीस टन काजू बुडाला म्हणजे सोलणाऱ्या बायकांचे काही आठवड्यांचे काम गेले आणि बँकेचे व्याज मात्र चालू राहिले. तो मधला काळ विमा कंपनीने उचलायचा, हाच तर विम्याचा सौदा आहे.

आता आकडे. टनाला १,१०,००० रुपये सीआयएफ धरले तर एक कंटेनर २७.५ लाखांचा, चार मिळून १ कोटी १० लाख. दहा टक्के वाढवून विम्याची रक्कम १ कोटी २१ लाख, म्हणजे कंटेनरमागे ३०.२५ लाख. तळाचा भिजलेला माल टरफलाच्या तेलासाठी घेणाऱ्याला २.५ लाखांना गेला. म्हणजे २५ लाख बुडाले. धुराच्या कंटेनरची किंमत ८ लाखांनी घटली. पॉलिसीत नुकसानीचे प्रमाण विम्याच्या रकमेला लावायचे असते. त्या हिशेबाने तळाच्या कंटेनरचे २७.५ लाख आणि वरच्याचे ८.८ लाख, एकूण ३६.३ लाख आम्हाला तुमच्याकडून यायचे आहेत.

ॲडजस्टरच्या वहीत हेच नुकसान वेगळ्या रीतीने उतरते. तिथे धुराचे ८ लाख दिसतच नाहीत. तळाच्या कंटेनरचे २५ लाख मात्र ‘भरून द्यायची रक्कम’ म्हणून दिसतात. आणि नवख्या माणसाला खटकणारी एक गोष्ट इथेच येते. बळी गेलेल्या मालालाही वर्गणी द्यावी लागते. सुखरूप दोन कंटेनरांचे ५५ लाख, धुराच्या कंटेनरची उरलेली किंमत १९.५ लाख, भिजलेल्या मालाचे आलेले २.५ लाख आणि त्यावर ते भरून मिळणारे २५ लाखसुद्धा, अशी आमची वर्गणीपात्र किंमत १ कोटी २ लाख होते. हे न्याय्यच आहे. नाहीतर ज्याचा माल बुडवला त्याला पूर्ण किंमत मिळून वर तो वर्गणीतूनही सुटला असता, आणि ज्यांचा माल वाचला ते त्याच्यापेक्षा तोट्यात राहिले असते. अंतिम दर किती येईल हे आज कोणालाच माहीत नाही. उदाहरणासाठी दहा टक्के धरू. मग आमची वर्गणी १०.२ लाख, आणि ती पॉलिसीखाली तुम्ही द्यायची आहे. फंडातून येणारे २५ लाख, जाणारे १०.२ लाख. म्हणजे तुम्हाला १४.८ लाख परत मिळतील.

आता तो ‘आग व पाणी’वाला रिपोर्ट जसाच्या तसा पुढे गेला आणि ॲडजस्टरने निम्मे नुकसान आगीचे धरले असे समजा. भरून द्यायची रक्कम १२.५ लाखांवर येते. वर्गणीपात्र किंमत ८९.५ लाख, वर्गणी ८.९५ लाख. दर तोच राहिला तर तुमच्या हातात उरतात ३.५५ लाख. म्हणजे सर्व्हेअरच्या एका ओळीची किंमत सव्वाअकरा लाख रुपये, आणि ती तुमच्या खिशातून गेली. मला दोन्ही वेळा तेवढेच ३६.३ लाख मिळायचे आहेत. म्हणून माझी विनंती अशी की दुसरा रिपोर्ट मागवा, त्यात थराचे नंबर, पाण्याची रेघ आणि सिल्व्हर नायट्रेटचा निकाल प्रत्येक कंटेनरपुढे स्वतंत्र लिहायला सांगा. पोत्याचे तुकडे आमच्या गोदामात सीलबंद ठेवले आहेत, आणि जहाजमालकाच्या सर्व्हेअरलाही त्यातले नमुने दिलेले आहेत.

थांबल्याने तुमचा फायदा होतो असे कोणी तुम्हाला सांगत असेल तर तेही तपासून घ्या. आमच्या बिल ऑफ लेडिंगवर यॉर्क-अँटवर्प नियम, १९९४ लागू आहेत. त्यांच्या एकविसाव्या नियमाप्रमाणे भरून द्यायच्या रकमेवर ॲडजस्टमेंट जारी झाल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत वर्षाला ७ टक्के व्याज चढते. पंचवीस लाखांवर वर्षाला पावणेदोन लाख. आम्हाला पैसे दिल्यावर ते व्याज सोसणाऱ्याच्या, म्हणजे तुमच्या बाजूला येते. आज पैसे दिलेत तर तुमचा पैसा पडून राहत नाही. आज दिले नाहीत तर माझ्या बँकेचे व्याज मात्र याहून बरेच जास्त आहे.

गॅरंटीबद्दल मला थोडे जास्त लिहायचे आहे, कारण सुखरूप आलेल्या दोन कंटेनरांचे हाल तुमच्या गॅरंटीने केले. जहाजमालकाचा मालावर धारणाधिकार, म्हणजे हमी मिळेपर्यंत माल रोखून धरण्याचा हक्क, असतो. ॲव्हरेज बाँड आम्ही सही करून दिला, पण सोबत विमा कंपनीची गॅरंटी किंवा रोख अनामत नसेल तर डिलिव्हरी ऑर्डर निघत नाही. टगवाल्यांनी लॉइड्स ओपन फॉर्म या करारावर काम केले, त्यामुळे त्यांच्या सॅल्व्हेजसाठी, म्हणजे जहाज आणि माल वाचवल्याच्या मोबदल्यासाठी, वेगळी हमी हवी. हे दोन कागद आहेत, दोन वेगळ्या लोकांसाठी, आणि एक दिल्याने दुसरा दिल्यासारखा होत नाही. तुमच्या कार्यालयाने पहिला दिला आणि दुसरा विसरला. पहिल्यातही ‘विम्याच्या रकमेच्या मर्यादेत’ अशी ओळ घातली, म्हणून ॲडजस्टरने तो परत पाठवला. या ओळीने तुम्ही काय वाचवले ते मला अजून समजलेले नाही. वर्गणी वाचलेल्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. आमची वर्गणीपात्र किंमत १ कोटी २ लाख आणि विमा १ कोटी २१ लाखांचा. मर्यादा घातली काय आणि न घातली काय, तुमची जोखीम तेवढीच. माल कमी रकमेला विमा केलेला असता तर कलम ७३ प्रमाणे तुमचा वाटा त्या प्रमाणात कमी झाला असता आणि मग मर्यादेचा विचार समजण्यासारखा होता. (हे वाचणाऱ्या कारखानदारांसाठी : मालाच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा उतरवून प्रीमियम वाचवणारे या ठिकाणी सापडतात. वर्गणीतला फरक त्यांना स्वतः भरावा लागतो.)

तो कागदांचा खेळ चालू असताना दोन कोरडे, निरोगी कंटेनर न्हावा शेव्याला पावसाळ्यात बंद उभे होते. त्याचे डिटेन्शन आणि ग्राउंड रेंट आम्ही भरले. उशिराने झालेले नुकसान पॉलिसीत वगळलेले आहे, म्हणून ते तुमच्याकडे मागताही येत नाही. अशा वेळी विमा नसलेल्या माणसाचे काय होते ते पाहायचे असेल तर मर्स्क होनमचे उदाहरण आहे. मार्च २०१८ मध्ये याच अरबी समुद्रात त्या जहाजाला आग लागली, पाच खलाशी गेले. नंतर माल सोडवण्यासाठी सॅल्व्हेजपोटी ४२.५ टक्के आणि जनरल ॲव्हरेजपोटी ११.५ टक्के, म्हणजे मालाच्या किमतीच्या ५४ टक्के हमी मागितली गेली. ज्यांच्याकडे विमा नव्हता त्यांनी ती रोख उभी करायची होती. विमेदाराने प्रीमियम भरून जे विकत घेतले त्यातली सर्वांत तातडीची गोष्ट ही गॅरंटी असते. तिला चार सह्यांच्या रांगेत उभे करणे म्हणजे आग लागल्यावर बंबासाठी टेंडर काढण्यासारखे आहे.

तुमच्या अधिकाऱ्यांनी फोनवर एक कारण दिले ते इथे नोंदवतो, कारण ते अगदीच निराधार नाही. त्यांचे म्हणणे, आग जहाजमालकाच्या चुकीने लागली असेल तर वर्गणी द्यायचीच कशाला, आधी चौकशी होऊ द्या. चूक असेल तर वर्गणी नाकारता येते हे खरे आहे. सीएमए सीजीएम लिब्रा हे जहाज मे २०११ मध्ये चीनच्या शियामेन बंदरातून बाहेर पडताना रुतले. त्याच्या प्रवास-आराखड्यात आणि नकाशावर एका महत्त्वाच्या इशाऱ्याची नोंद केलेली नव्हती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरवले की या दोषामुळे जहाज प्रवासाला निघतानाच अयोग्य होते, आणि मालमालकांनी वर्गणी देण्याचे नाकारले ते बरोबर होते. पण तारखा पाहा. अपघातापासून निकालापर्यंत दहा वर्षे. माल त्याआधीच सोडवून घेतला गेला होता. गॅरंटी म्हणजे कबुली नव्हे, रीतसर देय ठरेल तेवढे देऊ एवढेच वचन. माल सोडवून भांडायला तुम्ही मोकळे असता. माल अडकवून भांडलात तर नुकसान माझे होते आणि जहाजमालकाला काहीच फरक पडत नाही.

शिवाय जहाजमालकाची चूक सिद्ध झालीच, तर वर्गणी टळते तसा आमच्या बुडालेल्या मालाचा थेट दावाही जहाजावर करता येतो. त्या दाव्याला मात्र डिलिव्हरीपासून एका वर्षाची मुदत आहे. ॲडजस्टमेंट चालू आहे म्हणून ती थांबत नाही. अनेक जण इथेच फसतात. जनरल ॲव्हरेज चालू आहे म्हणजे सगळे हक्क जिवंत आहेत असे त्यांना वाटते. तुम्ही दावा भरला की हा हक्क तुमचा होतो. तोपर्यंत तो माझ्या नावावर आहे आणि मुदत संपत चालली आहे. जहाजमालकाकडून मुदतवाढ मागणारे पत्र मी माझ्या वकिलामार्फत पाठवले आहे. त्याचा खर्च दाव्यात धरावा.

दुसरी मुदत ॲडजस्टरकडची. नियमांच्या ‘ई’ प्रमाणे, ज्याच्या मालाचा त्याग झाला त्याने सामायिक प्रवास संपल्यापासून बारा महिन्यांत लेखी कळवायचे असते. गंमत अशी की ॲडजस्टरकडून येणाऱ्या पहिल्या पाकिटात बाँड असतो, गॅरंटीचा नमुना असतो, किमतीचा तक्ता असतो. ‘तुमचा माल बळी गेला का?’ हा प्रश्न आमच्या पाकिटात तरी ठळकपणे कुठेच नव्हता. ते पाकीट वर्गणी देणाऱ्यांसाठी बनवलेले आहे, वर्गणी मागणाऱ्यांसाठी नाही. आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराने सगळे फॉर्म भरून दिले आणि माल गेला हे ॲडजस्टरला कळवलेच नाही, कारण विमा कंपनीला कळवले की पुरे असे त्याला वाटले. विमा कंपनीने फाइल ‘ॲडजस्टमेंटच्या प्रतीक्षेत’ म्हणून ठेवली. म्हणजे दोघेही ॲडजस्टरची वाट पाहत होते आणि ॲडजस्टरला काही माहीतच नव्हते. तो भला माणूस आता धावपळ करतो आहे. आमच्यापुरते, ॲडजस्टरला आम्ही तळाच्या कंटेनरबद्दल लेखी दावा पाठवला असून त्याची पोच या पत्राच्या प्रतीसोबत तुम्हाला दिली आहे.

तेव्हा आमचे मागणे असे आहे. तळाच्या कंटेनरचे २७.५ लाख आणि वरच्या कंटेनरचे ८.८ लाख ॲडजस्टमेंटची वाट न पाहता चुकते करावेत. वरच्या कंटेनरच्या किमतीच्या घटीबद्दल तुमचा आक्षेप असेल तर तेवढा भाग वेगळा ठेवून तळाच्या कंटेनरचे पैसे आधी द्यावेत, कारण त्याबद्दल वाद घालण्यासारखे काही उरलेले नाही. पैसे मिळताच सब्रोगेशनचे, म्हणजे वसुलीचा आमचा हक्क तुमच्याकडे देणारे, पत्र आणि ॲडजस्टरकडचा आमचा दावा तुमच्या नावे करून देणारे पत्र सही करून देऊ, मसुदा सोबत आहे. दुसरा सर्व्हे रिपोर्ट थरनिहाय मागवावा. कलम ६६(४) आम्हाला लागू होत नाही असे तुमचे मत असेल, तर पॉलिसीतली कोणती अट त्याच्या आड येते ते तिचा क्रमांक देऊन लेखी कळवावे. फोनवर नको.

आणि याच जहाजावर ज्या इतर कारखानदारांचा माल होता व ज्यांच्या पॉलिसी तुमच्याकडेच आहेत, त्यांच्या फाइलवरही ॲडजस्टरला त्यागाची लेखी सूचना गेली आहे की नाही हे तुमच्या कार्यालयाने या आठवड्यात तपासावे. जहाज न्हावा शेव्याला रिकामे झाले ती तारीख तुमच्याकडे आहेच.

कळावे,

आपला विश्वासू,
काजू प्रक्रिया कारखानदार, चंदगड तालुका

प्रत : ॲव्हरेज ॲडजस्टर, आमचे विमा ब्रोकर, त्याच जहाजावरील इतर मालमालक